व्हिसाच्या फाइलमधले आकडे: काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं

प्रश्न: आई-बाबा जूनमध्ये बहिणीकडे जर्मनीला चाललेत. बाबांचा सातबारा, पतसंस्थेची ठेव पावती आणि लग्नाच्या वेळी भटजींनी लिहून दिलेला कागद मराठीत आहे, त्यांचं इंग्रजी करायचंय. तिकडून आलेला विमा आणि बहिणीचं पत्र जर्मनमध्ये आहे, ते आई-बाबांसाठी मराठीत हवंय. एजंट म्हणतो, तारखा, रुपये, एकर सगळं त्यांच्या पद्धतीनं बदलून टाका. नक्की काय बदलायचं? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर:

एजंटचं ऐकून सगळं बदलू नका. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. आकडा कसा लिहिलाय ती एक गोष्ट, आणि आकडा किती आहे ती दुसरी. देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करणं, लाखाचे स्वल्पविराम हजारांच्या गटात आणणं, ५/६ ऐवजी महिना अक्षरांत लिहिणं, हे लिहिण्यातले बदल झाले. ते भाषांतरात करायचेच, त्यासाठी वेगळी टीप लागत नाही. रुपयांचे युरो करणं, हेक्टरचे एकर करणं, शकाचं इसवी सन करणं यात मात्र आकडाच बदलतो. असा नवा आकडा मूळ आकड्याच्या जागी कधीही बसवायचा नाही. द्यायचाच असेल तर मूळ आकडा आधी लिहून, शेजारी चौकटी कंसात भाषांतरकाराची टीप म्हणून द्यायचा.

तारखा सोडून बाकी आकड्यांसाठी मी एक साधी कसोटी वापरतो. मूळ कागदावरच्या आकड्यातले स्वल्पविराम आणि टिंबं मनातल्या मनात काढून टाका आणि भाषांतराचंही तेच करा. दोन्हीकडे अंकांची ओळ तीच राहिली तर तो लिहिण्यातला बदल. ओळ बदलली तर तुम्ही हिशेब केलाय, आणि हिशेब टीपेतच जातो. व्हिसा अधिकारी मूळ कागदाची झेरॉक्स आणि भाषांतर शेजारी ठेवून पाहतो. त्याला मराठी येत नसलं तरी अंक जुळतात की नाही हे कळतं. पावतीवर रुपयांचा आकडा आणि भाषांतरात युरोचा आकडा दिसला, तर हा कागद त्याच पावतीचा आहे कशावरून, ही शंका त्याला येणारच.

आता तुमच्या फाइलकडे वळू. प्रत्यक्ष कागद माझ्यासमोर नाहीत, म्हणून आपल्याकडे नेहमी येतात तशा कागदांवरचे आकडे धरून सांगतो.

ठेव पावती आधी घेऊ. समजा त्यावर असं आहे: ठेव रक्कम रु. ३,५०,०००, अक्षरी तीन लाख पन्नास हजार मात्र, ठेव दिनांक ५/६/२५, मुदत १३ महिने, देय दिनांक ५/७/२६. यातली रक्कम सोपी आहे. आपला स्वल्पविराम आहे तसा ठेवला तर बाहेरच्या माणसाला वाटतं की मधे एखादा अंक गळलाय, कारण त्याच्या सवयीप्रमाणे पहिल्या स्वल्पविरामानंतर तीन अंक हवेत. म्हणून आकड्यात गट बदलायचे, पण अक्षरी रक्कम पावतीवर आहे तशीच लाखात ठेवायची आणि लाख म्हणजे किती ते एकदा सांगायचं:

```
INR 350,000 (Rupees three lakh fifty thousand only)
[Translator's note: 1 lakh = 100,000]
```

रुपयाच्या चिन्हाऐवजी `INR` लिहिलं की प्रश्न मिटतो. नुसतं `Rs` लिहिलं तर ते पाकिस्तान, नेपाळ किंवा श्रीलंकेचेही रुपये असू शकतात. अंकी आणि अक्षरी रक्कम जुळत नसेल, आणि हातानं भरलेल्या पावत्यांवर असं होतं, तर आपण न्यायाधीश व्हायचं नाही. दोन्ही जशा आहेत तशा लिहायच्या, खाली फरक असल्याची टीप द्यायची आणि पतसंस्थेकडून पावती दुरुस्त करून आणायची.

तारखेचं तेवढं सोपं नाही. ५/६/२५ म्हणजे ५ जून की ६ मे? आपल्याकडे दिवस आधी, हे आपल्याला माहीत आहे, पण कागदावर त्याचा पुरावा आहे का ते पाहायचं. इथे आहे, मुदतीत. ५ जून २०२५ मध्ये १३ महिने मिळवले की बरोबर ५ जुलै २०२६ येतो. अमेरिकी पद्धतीनं वाचलं तर ६ मे २०२५ ते ७ मे २०२६ होतं, म्हणजे बारा महिने आणि एक दिवस. पावतीवर मुदत तर १३ महिने आहे. कागदातच असा आधार शोधायची सवय ठेवा: मुदत, वार, वय, किंवा त्याच माणसानं दुसरीकडे लिहिलेली १२ च्या वरची तारीख. एकदा खात्री झाली की भाषांतरात महिना अक्षरांत आणि वर्ष चार अंकी लिहायचं, म्हणजे पुढे कोणीही ते उलटं वाचू शकत नाही:

```
Date of deposit: 5 June 2025
Date of maturity: 5 July 2026
```

युरोचं म्हणाल तर भाषांतरात नकोच. बहिणीला किंवा एजंटला तक्ता हवा असेल तर वेगळ्या पानावर द्या. तिथे दर कुठला आणि कुठल्या दिवसाचा, हे लिहिल्याशिवाय आकडा लिहू नका. अमेरिकी डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचे संदर्भ दर २०१८ पासून एफबीआयएल ही संस्था कामाच्या दिवशी जाहीर करते, आधी ते रिझर्व्ह बँक ठरवायची. तोच दर घ्यावा, कारण कोणालाही तो पडताळता येतो. नोटा बदलून देणाऱ्या दुकानाचा दर घेतला तर तो त्यांच्या नफ्यासकटचा असतो. समजा त्या दिवशी एक युरो ९५ रुपयांचा आहे. ३,५०,००० भागिले ९५ म्हणजे ३,६८४.२१. यातले शेवटचे २१ सेंट लिहिले की आकडा फार नेमका भासतो, आणि दर तर उद्या बदलणार आहे. मी ‘सुमारे ३,६८० युरो’ लिहितो, पुढे दर आणि तारीख. आणि हा तक्ता करताना प्रत्येक रक्कम मूळ रुपयांवरूनच काढा. ‘सुमारे’ केलेल्या युरोवरून पुन्हा रुपये काढत बसलात की बेरीज चुकायला लागते.

आता सातबारा. माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि तो इंग्रजीचा नसून टिंबांचा असतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं तीन खणांत असतं. १.०५.२० म्हणजे १ हेक्टर, ५ आर, २० चौरस मीटर. १०० आर म्हणजे एक हेक्टर आणि १०० चौरस मीटर म्हणजे एक आर, त्यामुळे हे एकूण १०,५२० चौरस मीटर झालं. मधलं टिंब दशांशाचं नाही, खण वेगळे करणारं आहे. आर आणि चौरस मीटर दोन-दोन अंकांत लिहिले असतील तर दुसरं टिंब काढून १.०५२० हेक्टर म्हटलं तरी उत्तर बरोबर येतं, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर तलाठ्यानं तेच क्षेत्र १.५.२० असं लिहिलेलं असतं. तिथे त्याच सवयीनं टिंब काढलं तर १.५२ हेक्टर होतं. म्हणजे १०,५२० च्या जागी १५,२०० चौरस मीटर, एक एकराहून जास्त जमीन नुसत्या लेखणीनं वाढली. उताऱ्यावरच पडताळा आहे: लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा यांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळली पाहिजे. खणाखणांत बेरीज करून पाहा, शंभर आर झाले की एक हेक्टर हातचा. जुळलं नाही तर वाचण्यात चूक आहे.

भाषांतरात मी खण उलगडून लिहितो, टिंबांवर काही सोडत नाही:

```
Area: 1 hectare 05 are 20 sq. m
[Translator's note: total 10,520 sq. m]
```

एकराची टीप जर्मनीच्या फाइलला लागतच नाही, तिकडे हेक्टर घरचाच आहे. अमेरिकेच्या फाइलला मात्र द्यावी, आणि देताना गुंठ्यांवर लक्ष ठेवावं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. वरचं क्षेत्र जवळजवळ १०४ गुंठे, म्हणजे २ एकर २४ गुंठे होतं. आपण बोलताना आणि लिहिताना त्याला ‘२.२४’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजी वाचणाऱ्याला ते सव्वादोन एकरांच्या आतलं दिसतं, प्रत्यक्षात दशांशात ते २.६ आहे. फूट-इंचांचंही तेच. उंची ‘५.७’ लिहिली की पाच फूट सात इंच, म्हणजे १७० सेंटिमीटर, पण दशांश समजून गुणलं तर जवळपास १७४ येतं. अर्जात सेंटिमीटर मागितले असतील तर आधी इंच करा: ५ गुणिले १२ अधिक ७ म्हणजे ६७ इंच, गुणिले २.५४.

गट नंबर, खाते क्रमांक, फेरफार क्रमांक यांना हात लावायचा नाही. हे आकडे दिसायला आकडे असले तरी ती नावं आहेत. त्यात स्वल्पविराम घालायचे नाहीत, सुरुवातीचं शून्य गाळायचं नाही. ‘२अ’ मधल्या ‘अ’ चं काय करायचं ते एकदा ठरवून सगळ्या फाइलभर तसंच ठेवायचं. तक्ता एक्सेलमध्ये करणार असाल तर आधी तो रकाना `Text` करा, नाहीतर गट नंबर १२/३ टाकला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं.

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर बँकेच्या उताऱ्याचंही सांगतो. बँकेनं दिलेली फाइल उघडताना संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०६/२०२६ गुपचूप ६ मे होते, पण १८/०६/२०२६ ला अठरावा महिना सापडत नाही म्हणून ती मजकूर म्हणून तशीच राहते. ओळखायची खूण अशी: एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की समजायचं, उजवीकडच्या उलटल्या आहेत. त्या एकेक दुरुस्त करत बसू नका, फाइल बंद करून `Data` मधून `DMY` निवडून पुन्हा आत घ्या.

आता भटजींचा कागद. त्यावर ‘शके १९०९, माघ शु. ५’ असं काही असेल. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेतलं गणित वर्षभर लागू पडत नाही. शक गुढीपाडव्याला बदलतो आणि इसवी सन १ जानेवारीला, त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. शिवजन्माची तिथी सगळ्यांना पाठ आहे, तिच्यावर ताडून बघा: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. ७८ मिळवले तर १६२९ येतं, पण आपण १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो. तसंच तुमचा माघ १९०९ हा १९८७ मधला नाही, १९८८ च्या जानेवारी-फेब्रुवारीतला. पण नेमकी तारीख कुठल्याही सूत्रानं काढायची नाही. त्या वर्षीचं पंचांग पाहायचं, आणि कागदावर वार दिला असेल तर तो जुळतोय का बघायचं. महिन्याआधी ‘अधिक’ किंवा ‘निज’ असेल तर तो शब्द गाळू नका. २०२६ मध्येच अधिक ज्येष्ठ आहे, नुसतं ‘ज्येष्ठ’ लिहिलं तर महिनाभराचा फरक पडू शकतो. पंचांग आपल्याकडचंच हवं. वद्य पक्षात उत्तरेकडे पुढच्या महिन्याचं नाव चालतं, आपला फाल्गुन वद्य त्यांचा चैत्र कृष्ण असतो, आणि इंटरनेटवरचे बरेच तक्ते त्यांच्या पद्धतीचे असतात.

सरकारी राजपत्रावर किंवा शासन निर्णयावर ‘चैत्र १’ अशी तारीख दिसली आणि शुद्ध-वद्य काही नसेल, तर ती तिथी नाही. ती १९५७ पासूनच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतली सौर तारीख आहे, तिचा चैत्र १ हा २२ मार्चला आणि लीप वर्षात २१ मार्चला येतो. नाव दोन्हीकडे शकच आहे, म्हणून गोंधळ होतो.

भाषांतरात तिथी उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांत जशीच्या तशी लिहा आणि इसवी तारीख टीपेत द्या. खरं तर माझा सल्ला असा की हा कागद फाइलला लावूच नका. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणी दाखला काढा, त्यावर इसवी तारीख असते. दोन्ही लावले आणि तारखेत एका दिवसाचाही फरक निघाला तर नसता खुलासा लिहीत बसावं लागेल.

जर्मनीहून आलेल्या कागदांत प्रवास उलट दिशेनं आहे. विम्याच्या कागदावर `30.000,00 EUR` दिसेल. तिकडे टिंब हजारांसाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी असतो. हे तीस युरो नव्हेत, तीस हजार आहेत, शेंगेन व्हिसाला लागणारं किमान विमा संरक्षण तेवढंच असतं. मराठीत ‘३०,०००.०० युरो’ लिहा. ओळखायची खूण सोपी आहे: आकड्यात शेवटचं चिन्ह कुठलं आणि त्यानंतर किती अंक, ते बघा. दोन अंक असतील तर ते चिन्ह दशांशाचं. पण नुसतं `1.250` असेल तर त्या खुणेवर भरवसा नाही, तिथे कागदाची भाषा आणि कागदावरच्या बाकीच्या रकमा बघाव्या लागतात. आखातातून आलेला पगाराचा कागद असेल तर आणखी जपून, कारण कुवेत, बहरीन आणि ओमानच्या चलनात दशांशानंतर तीन अंक असतात. `KWD 450.500` म्हणजे साडेचारशे दिनार आणि वर अर्धा, साडेचार लाख नव्हे.

बहिणीच्या पत्रात मुक्कामाची तारीख `12.06. - 09.09.2026` अशी असू शकते. त्याचं मराठीत ‘तीन महिने’ करू नका, कितीही सहज वाटलं तरी. शेंगेनचा नियम कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांचा आहे, आणि त्यात पोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरतात. जूनचे १९, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ आणि सप्टेंबरचे ९, बरोबर ९० होतात. बाबांनी ‘तीन महिने’ वाचून परतीचं तिकीट ११ सप्टेंबरचं काढलं तर ९२ दिवस होतील. मी अशा ठिकाणी ‘१२ जून ते ९ सप्टेंबर २०२६, दोन्ही दिवस धरून ९० दिवस’ असं पूर्ण लिहितो. विम्याच्या तारखाही याच पद्धतीनं मोजून घ्या, विमा एक दिवसानंही कमी भरता कामा नये.

शेवटी तिकिटाचं. तुम्ही ते भाषांतराला दिलेलं नाही, पण आई-बाबांना लिहून द्याच. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर `12 JUN 02:15` असेल तर आपण सहज ‘१२ तारखेला रात्री सव्वादोन’ म्हणतो, आणि ऐकणारा १२ तारखेचं रात्रीचं जेवण उरकून निघायचं ठरवतो. तोवर विमान जाऊन सगळा दिवस उलटलेला असतो. म्हणून असं लिहा: ‘गुरुवार ११ जूनची रात्र उलटल्यावर, शुक्रवार १२ जूनला पहाटे २:१५. सांगलीहून गुरुवारी सकाळीच निघायचं.’ उतरण्याची वेळ तिकिटावर तिथल्या घड्याळाप्रमाणे असते, ती भारतीय वेळेत बदलू नका. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. सकाळी ७:३० ला उतरणार असतील तर प्रवास सव्वापाच अधिक साडेतीन, म्हणजे पावणेनऊ तासांचा. हे गणित करून बघितलं की तारीख वाचण्यात चूक झालीय का तेही कळतं, कारण चूक असेल तर उत्तर तेहेतीस तासांसारखं काहीतरी विचित्र येतं. सामानाचे २३ किलो तसेच राहू द्या, आपल्याला पौंडांचं काम नाही.

सगळं टाइप झालं की एकट्यानं तपासू नका. एकानं मूळ कागदावरचे आकडे मराठीत मोठ्यानं वाचायचे, दुसऱ्यानं भाषांतरावर पेन्सिलीनं खूण करत जायचं. हस्ताक्षरात १ आणि ९, ५ आणि ६ यांची गल्लत डोळ्यांना दिसत नाही, पण वाचताना जीभ अडखळते. अडखळली तिथे अक्षरी रक्कम पाहा, ती नसेल तर ज्यानं कागद दिला त्या कार्यालयात जाऊन विचारा. नोटरीकडे त्यानंतरच जा, कारण शिक्का पडल्यावर एक अंक बदलायचा म्हटलं तरी ते पान पुन्हा करावं लागतं.